रात्रपाळी आणि सोळाशे मीटर

यवतमाळ जिल्ह्यात रात्री जागून काम करणारे पुष्कळ आहेत. वणी तालुक्यात वेकोलिच्या कोळसा खाणी तिन्ही पाळ्यांत चालतात. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की वणी, पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये रात्रीही मशीन सुरू असते. यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात परिचारिका आणि वॉर्डबॉय रात्रभर उभे असतात, तर गोदामं आणि एटीएमवर गार्ड बसलेले असतात. रब्बीत शेतीपंपाची लाईन रात्री आली की गव्हा-हरभऱ्याला ओलित करायला घरातला तरणा मुलगाच टॉर्च घेऊन शेतात जातो. यातले बरेच जण पोलीस भरतीच्या वयाचे असतात आणि त्याच काळात सोळाशे मीटरची तयारी करत असतात.

मैदानावरची पद्धत पहाटेची आहे. नेहरू स्टेडियम असो की समता मैदान, ग्रुप उजाडायच्या आत जमतो आणि ऊन चढण्याआधी पांगतो. त्यामुळे रात्रपाळीचा मुलगा ड्युटी सुटली की बॅग खांद्याला लावून सरळ मैदानावर येतो. रात्रभर झोपेला रोखून धरण्यासाठी त्याने पाच-सहा चहा घेतलेले असतात, पोटात आलूबोंडा किंवा बिस्किटं असतात, आणि घरी पोचून तो अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा दहा-साडेदहा वाजलेले असतात. दोन-तीन आठवडे हे निभतं. मग वेळ थांबते. पाच मिनिटं चाळीसवर आलेला मुलगा तिथेच अडकतो, पिंडऱ्या दुखायला लागतात, आणि त्यावर उपाय म्हणून तो आणखी दोन राउंड वाढवतो.

झोप, जेवण आणि चहा-कॉफी यांच्या वेळा नीट लावल्या तर हे टाळता येतं का? याविषयी आज जे माहीत आहे ते सगळं वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की बऱ्याच अंशी टाळता येतं, पण वेळा लावण्याचा क्रम उलटा करावा लागतो. आपल्याकडे आधी मैदानाची वेळ ठरते आणि उरलेल्या वेळात झोप बसवली जाते. रात्रपाळीवाल्याने आधी झोपेचा एक सलग तुकडा ठरवावा, त्यावरून सरावाची वेळ काढावी, झोपेच्या वेळेपासून मागे मोजून शेवटचा चहा ठरवावा आणि जेवणं त्यानंतर बसवावीत.

झोपेला पहिला मान का, ते आधी पाहू. धावल्याने किंवा वजन उचलल्याने स्नायू त्या क्षणी बळकट होत नाही, उलट थोडा मोडतो. पुढच्या एक-दोन दिवसांत शरीर नवी प्रथिनं घालून तो पुन्हा बांधतं आणि आपण ज्याला प्रगती म्हणतो ती हीच. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या गटाने तेरा तरुण स्त्री-पुरुषांना एक रात्र पूर्ण जागं ठेवलं. नेहमीसारखं झोपल्यानंतरच्या तुलनेत त्यांच्या स्नायूंत प्रथिनं बांधण्याचा वेग १८ टक्क्यांनी घटला. कॉर्टिसॉल, म्हणजे मोडतोडीच्या बाजूचं हार्मोन, वाढलं आणि टेस्टोस्टेरॉन उतरलं. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियातच निरोगी तरुण पुरुषांवर झालेल्या दुसऱ्या प्रयोगात पाच रात्री फक्त चार-चार तास झोप दिली गेली. ज्यांनी या काळात व्यायाम केला नाही त्यांचा स्नायूबांधणीचा वेग उतरला. ज्यांनी जोरदार पण आटोपशीर इंटरव्हल केले त्यांचा टिकला. ही दोन्ही मोजक्या माणसांवरची, थोड्या दिवसांची कामं आहेत आणि त्यांतला कोणीही वर्षभर जिनिंगवर रात्र काढणारा नव्हता. तरी दोन्ही एकत्र वाचली की कामाची गोष्ट हाती लागते: झोप तुटत असेल तर सराव सोडू नये, पण तो वाढवूही नये. तीव्रता ठेवावी आणि राउंड कमी करावेत. मैदानावर नेमकं याच्या उलट होतं.

आता दिवसाच्या झोपेची अडचण. सकाळी आठला सुटलेला माणूस दमलेला असतो, नऊला पडल्या पडल्या त्याला झोपही लागते, पण बारा-एकला आपोआप जाग येते. दोष त्याच्या इच्छाशक्तीचा नाही. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. त्यानुसार अंगाचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असतं आणि सकाळपासून चढत जातं, आणि चढत्या तापमानात झोप तुटते. म्हणून रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा साधारण एक ते चार तासांनी कमी भरते. महिनोन्महिने रात्रपाळी केल्यावर घड्याळ उलटं होऊन बसेल, अशी अनेकांची समजूत असते. पण ब्रिटनच्या सायमन फोकार्ड यांनी २००८मध्ये कायम रात्रपाळी करणाऱ्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पूर्ण जुळवून घेतलेले लोक शंभरात तीनही निघाले नाहीत, आणि बऱ्यापैकी जुळवून घेतलेले एक चतुर्थांशाहून कमी होते. सुटल्यावर डोळ्यांवर पडणारं सकाळचं ऊन आणि सुटीच्या दिवशीचं घरच्यांसोबतचं जगणं घड्याळाला रोज मागे ओढतं.

म्हणून घड्याळ पूर्ण उलटवायच्या मागे लागण्यापेक्षा ते थोडं सरकवावं आणि झोपेची जागा राखावी. सकाळी घरी येताना टोपी आणि साधा गॉगल घालावा, म्हणजे उजेड कमी लागतो. मात्र गाडीवर डोळे मिटत असतील तर गॉगल काढून ठेवावा, किंबहुना गाडीच काढू नये. ड्युटीच्या जागीच पंधरा-वीस मिनिटं डोकं टेकवून, पूर्ण जाग आल्यावर निघावं. घरी आल्यावर रांगेतलं काम, बँक, मोबाइल यांत तास घालवला तर तो तास परत मिळत नाही, कारण उठवणारं घड्याळ दुपारी त्याच वेळी उठवतं. साडेआठला घरी, नऊला अंथरुणात, असं असावं.

खोलीचा प्रश्न यवतमाळात कठीण आहे. टिनाच्या छपराखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी झोप म्हणजे शिक्षा, कारण झोप लागण्यासाठी अंगाचं तापमान उतरावं लागतं आणि तिथे ते उतरत नाही. घरात खालच्या मजल्यावरची, उत्तरेकडची, स्लॅबखालची खोली असेल तर दिवसभरापुरती ती रात्रपाळीवाल्याची. कूलर असेल तर समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा कोंडते आणि घाम वाळत नाही. खिडकीला जाड गोधडी किंवा काळं कापड लावावं. झोपण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ करावी, कारण कातडीकडे रक्त येऊन आतली उष्णता बाहेर पडते. बादलीभर गार पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण माणूस तरतरीत होतो. आणि घरच्यांशी एकदा स्पष्ट बोलून घ्यावं. आईने अकरा वाजता “उठ बाळा, दोन घास खाऊन घे” म्हणणं मायेपोटीच असतं, पण सलग झोप तिथेच तुटते.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत मांडून पाहू. तेवीस वर्षांचा, बासष्ट किलो वजनाचा मुलगा धरू. जिनिंगवर गार्ड, रात्री आठ ते सकाळी आठ, आठवड्याला सहा रात्री, जाण्यायेण्याला मिळून तास. हे उदाहरण मुद्दाम कठीण घेतलं आहे, कारण आठ तासांच्या पाळीवाल्याला यातून वेळ काढणं सोपं जाईल. बारा तास ड्युटी, एक तास रस्ता, सात तास झोप आणि विसावा, म्हणजे वीस झाले. जेवण, अंघोळ, सराव आणि लेखी परीक्षेचा अभ्यास या सगळ्यांना उरले चार तास. हा हिशेब कागदावर मांडला की रोज दीड तास मैदान आणि दोन तास क्लास हे कुठून येतं ते दिसतं. ते झोपेतून येतं. त्यामुळे या मुलाने ड्युटीच्या दिवसांत आठवड्याला चारदाच सराव करावा आणि अभ्यासाचा मोठा तुकडा सुटीच्या दिवशी ठेवावा.

त्याचा दिवस असा बसतो. सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन झोप. चारला जेवण. पावणेसहाला मैदान, पन्नास मिनिटं. पावणेसातला अंघोळ आणि दुसरं जेवण, साडेसातला निघायचं. झोप साडेसहा तास होते. उरलेला अर्धा तास झोप लवकर तुटली तर तिथेच पडून राहण्यासाठी, नाहीतर जेवणानंतर डुलकीसाठी.

सराव संध्याकाळी ठेवण्यामागे वेळेची सोय हे एकच कारण नाही. अंगाचं तापमान दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत वर असतं, स्नायू आणि सांधे मोकळे असतात आणि वेग व ताकद दोन्ही पहाटेपेक्षा सरस असतात. सकाळी आठला सुटलेला मुलगा धावतो तेव्हा तो चोवीस तासांतल्या सगळ्यांत मंद तासांतून नुकता बाहेर आलेला असतो. तेच चारशे मीटर त्याला जास्त जड वाटतात, पाय टाकणं सैल होतं आणि घोटा-पिंडरीच्या दुखापती तिथून सुरू होतात. शिवाय जोरात धावून तापलेलं अंग आणि धडधडणारं काळीज घेऊन झोप लवकर येत नाही. ड्युटीनंतर करायचंच असेल तर पंधरा-वीस मिनिटं चालणं आणि ताण देणं एवढंच.

भरतीत पुरुषांच्या सोळाशे मीटरला २० गुण आहेत आणि ते सगळे मिळवायला पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे दर चारशे मीटर साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. आपल्या मुलाने आठवड्यातून एकदा चारशेचे पाच राउंड ७८ सेकंदांनी मारावेत, मध्ये दोन-अडीच मिनिटं हळू जॉगिंग. एकदा दोनशेचे छोटे वेगवान राउंड आणि त्याला जोडून शंभर मीटरचे स्टार्ट. एकदा अर्धा तास बोलत बोलत जमेल असं हळू धावणं. एकदा गोळा आणि पायांची ताकद. लांब पल्ला सुटीच्या दिवशी. ज्या दिवशी झोप पाच तासांखाली गेली त्या दिवशी पाचाचे तीन राउंड करावेत, वेग तोच ठेवावा. लागोपाठ दोन सरावांत तीच मेहनत करून ७८चे ८२-८३ होत असतील तर तो आठवडा अर्धा करावा. पाय संपल्याची नव्हे, झोप कमी पडल्याची ती पहिली खूण असते. दुसरी खूण उठल्या उठल्या गादीतच मोजलेली नाडी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके वर आणि ते तीन दिवस टिकलेले, तर थांबून झोप भरावी.

चहा-कॉफीकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण दुरुस्तीला सर्वांत जास्त वाव इथेच आहे. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि त्याने झोप जड होते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. साचणं थांबत नाही, फक्त जाणवत नाही. एकदा घेतलेल्या कॅफिनचं निम्मं शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना तीन, काहींना आठ-नऊ. २०१३मध्ये डेट्रॉईटमधल्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं, तरी झोप तासाभराहून अधिक घटली. विशेष म्हणजे, झोपणाऱ्यांना स्वतःला ती घट तेवढी जाणवली नव्हती. ‘मला चहा पिऊनही मस्त झोप लागते’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

४०० मिलिग्रॅम हा डोस मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक सूचनांत दिलेले आकडे आपल्या कपाला लागू पडतात: दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टर कॉफीत ८० ते १२०, आणि दिवसाची मर्यादा ३००. टपरीवरचा कट चहा त्याच्या निम्म्याने धरावा. सहा पूर्ण चहा झाले की माणूस मर्यादेच्या आसपास किंवा वर जातो, आणि त्यातले दोन पहाटे चार-पाचला पोटात गेले असतील तर नऊला त्यांचं बरंच कॅफिन रक्तात असतं.

आपल्या मुलाचं गणित असं. झोप नऊची. सहा-सात तास मागे मोजले की शेवटचा चहा रात्री दोनच्या पुढे नको. पहिला कप संध्याकाळी पाचला, मैदानाच्या पाऊण तास आधी, तोही कॉफीचा. तो दोनदा कामी येतो. धावताना मेहनत थोडी हलकी वाटते आणि रात्रीच्या सुरुवातीचे तासही निघतात. मग दहाच्या सुमारास एक चहा आणि शेवटचा साडेबारा ते दीडच्या दरम्यान. तिन्ही मिळून दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅम. कॅफिन एकदम घेण्यापेक्षा थोडं थोडं विभागून घेतल्यावर रात्रीची सतर्कता चांगली टिकते, असं प्रयोगांतही दिसलं आहे. ड्युटीत अधिकृत विश्रांती मिळत असेल तर शेवटचा चहा घेऊन लगेच वीस मिनिटं आडवं व्हावं. कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात डुलकी होते आणि उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. गजर लावूनच झोपावं, कारण पाऊण-एक तासाच्या गाढ झोपेतून उठलं की अर्धा तास डोकं जड राहतं.

मग तीन ते पाचचं काय? खरी परीक्षा तिथे आहे आणि चहाची ओढही तिथेच लागते. त्या वेळी उभं राहावं, फेरी मारावी, तोंडावर पाणी घ्यावं, दिव्याखाली यावं, कोणाशी बोलावं. रात्रीच्या पूर्वार्धात उजेडात राहिल्याने घड्याळ थोडं पुढे सरकतं आणि ही वेळ पुढच्या आठवड्यात जरा सुसह्य होते. मशीनवर काम करणाऱ्याला किंवा डंपर चालवणाऱ्याला मात्र झोप अनावर झाली तर चहा घ्यावाच. जीव झोपेच्या तासापेक्षा मोठा. पण रोज पहाटे चारला चहा लागत असेल तर दुपारची झोप कमी पडते आहे, आणि तो चहा उद्याची झोपही खाणार आहे.

चहाचा आणखी एक तोटा पोषणाशी जोडलेला आहे. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह बांधून ठेवतं, म्हणून पोषण संस्थेनेच जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा टाळायला सांगितलं आहे. आठशे मीटरची तयारी करणाऱ्या मुलींनी हे कटाक्षाने पाळावं. रक्त कमी असेल तर दम लवकर लागतो आणि ती कमतरता सरावाने भरून निघत नाही. तयारी सुरू करतानाच हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावं. भरतीच्या मुलांत विकल्या जाणाऱ्या प्री-वर्कआउट पावडरींबद्दल एवढंच सांगतो: एका चमच्यात चार-पाच चहांचं कॅफिन असू शकतं आणि ती संध्याकाळी घेऊन वर रात्रभर चहा म्हणजे मर्यादा सहज ओलांडली जाते. छातीत धडधड, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर कॅफिनची मर्यादा डॉक्टरांनीच ठरवावी.

जेवणाच्या बाबतीत दोन सल्ले एकमेकांना भिडतात. व्यायामवाले म्हणतात, दर तीन-चार तासांनी खा. रात्रपाळीवर संशोधन करणारे म्हणतात, रात्री खाऊ नका. २०२१मध्ये बोस्टनच्या गटाने एकोणीस जणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळीत ठेवलं. रात्री आणि दिवसा दोन्ही वेळी जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. पण त्या लोकांना सोळाशे मीटर मारायचे नव्हते आणि बारा तास फाटकावर उभंही राहायचं नव्हतं. मला यातून मधला मार्ग दिसतो: दोन्ही मोठी जेवणं ड्युटीच्या आधी, रात्री फक्त छोटं आणि प्रथिनांचं, आणि झोपण्याआधी हलकं. मध्यरात्री दीडला डबा उघडून पोटभर भात खाणं सोडावं. त्या वेळी जठर मंद असतं, साखर जास्त चढते आणि पुढच्या दोन तासांत डोळे मिटायला लागतात.

प्रथिनांचं लक्ष्य सराव करणाऱ्यासाठी किलोमागे साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे आपल्या मुलाला शंभर ग्रॅम. ते पावडरीशिवाय भरतं. दुपारी चारला दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट तुरीचं वरण आणि मोठी वाटी दही, त्यात पंचवीसेक ग्रॅम. यात तेल आणि तिखट कमी ठेवावं, कारण पावणेसहाला धावायचं आहे आणि तर्री वर आली की पोट साथ देत नाही. सरावानंतर पावणेसातला भात, वरण, पालेभाजी आणि चाळीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी, त्यात अडतीसच्या आसपास. नुसत्या वड्यांतच वीस ग्रॅम येतात आणि त्या स्वस्त आहेत. रात्री साडेअकराला दोन उकडलेली अंडी आणि मूठभर फुटाणे, वीस. अंडी न खाणाऱ्याने शेंगदाणे आणि फुटाणे वाढवावेत. पहाटे भूक लागली तर केळं पुरे. सकाळी साडेआठला मोठा ग्लास दूध आणि दोन पोळ्या, सोळा. उपाशी झोपलं तर भुकेने अकराला जाग येते आणि पोटभर पोह्यांवर समोसा घेऊन झोपलं तर जळजळीने. हा शेवटचा घास म्हणूनच महत्त्वाचा आहे. पाणी रात्री दोनपर्यंत भरपूर प्यावं, नंतर घोट-घोट, नाहीतर दुपारी लघवीला उठावं लागतं.

उन्हाळ्यात हे वेळापत्रक मोडतं, ते आधीच सांगून ठेवतो. मे महिन्यात यवतमाळात पावणेसहालाही पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि त्या उन्हात ७८चे राउंड मारणं धोक्याचं आहे. तेव्हा ड्युटीच्या दिवशी सावलीत किंवा घरात ताकदीचा सराव करावा, आणि वेगाचे राउंड सुटीच्या दिवशी पहाटे, रात्रीची पूर्ण झोप घेऊन.

ज्यांची पाळी फिरती आहे, त्यांची गोष्ट वेगळी. खाणीत दर आठवड्याला पाळी बदलते, शेतात तर लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. यांच्यासाठी मँचेस्टरच्या मायनर्स आणि वॉटरहाऊस यांनी १९८१मध्ये दाखवलेली एक जुनी गोष्ट अजून उपयोगाची आहे. रोज, पाळी कोणतीही असो, चार तासांचा एकच तुकडा ठरलेल्या वेळी झोपला आणि उरलेली झोप सोयीने घेतली, तरी घड्याळ फारसं भरकटत नाही. ओलित करणाऱ्या मुलाला पहाटे चार ते आठ हा तुकडा बहुधा राखता येतो. लाईन रात्री दहाला आली तर दांड लावून तीन-साडेतीनला घरी येऊन झोपावं आणि दुपारी दीड तास पुन्हा झोपावं. लाईन दिवसा असेल तेव्हा रात्री अकरा-बाराला झोपून आठपर्यंत. दोन्हींत चार ते आठ समान राहतात. पाणी पहाटेपर्यंत बदलावं लागत असेल तर मात्र हा हिशेब जमत नाही. त्या आठवड्यात वेगाचे राउंड टाळून हळू धावण्यावरच भागवावं.

शेवटची अडचण सगळ्यांना लागू होते. संध्याकाळी तयार झालेल्या मुलाची मैदानी चाचणी सकाळी असते. सकाळी शरीर संध्याकाळपेक्षा थोडं मंद असतं, पण काही आठवडे ठरावीक वेळी सराव केला की त्या वेळेची कामगिरी सुधारते आणि हा फरक आटतो. म्हणून चाचणीची तारीख लागली की तीन आठवडे आधी ठेकेदाराशी बोलून दिवसपाळी मागावी किंवा सुट्या साठवून घ्याव्यात. घड्याळ दिवसाला साधारण एका तासाने सरकतं, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांच्या सुटीने काम होत नाही. दिवसपाळी मिळालीच नाही तर निदान दहा दिवस तरी रात्रपाळीबाहेर काढावेत. पहिल्या रात्री दहाला झोप येणार नाही. सकाळी सहाला उठून उन्हात चालावं, दुपारी तीननंतर चहा बंद करावा, की चार-पाच दिवसांत झोप जागेवर येते. सुरुवातीचे तीन-चार दिवस फक्त हळू धावावं. नंतर चाचणीच्याच वेळी, त्याच बुटांत, आठवड्याला दोनदा ७८चे राउंड. शेवटच्या चार दिवसांत राउंड निम्मे. चाचणीच्या दिवशी दोन तास आधी दोन केळी किंवा गूळ-पोळी, आणि सरावात नेहमी घेत असेल तरच पाऊण तास आधी एक कप कॉफी.